पौर्णिमेचा आठवडा आणि खोल्यांचा हिशेब

लॉजच्या काउंटरवरचे रजिस्टर मुळात हिशेबासाठी नसते, ते पोलिसांना दाखवण्यासाठी असते. नाव, गाव, मोबाइल नंबर, ओळखपत्र, कुठून आले, कुठे जाणार, माणसे किती, आल्याची वेळ, गेल्याची वेळ असे त्याचे रकाने. खोली नंबर आणि भाडे कडेला, उरलेल्या जागेत. तरीही खोल्या किती भरल्या आणि सरासरी भाडे किती पडले, हे सांगणारा अहवाल शेवटी याच रजिस्टरातून किंवा त्याच्या संगणकावरच्या भावंडातून काढावा लागतो. अहवालात जे घोटाळे होतात, त्यांतले बहुतेक या एका गोष्टीतून येतात: रजिस्टरची एक ओळ म्हणजे एक पाहुणा, आणि अहवालाला हवी असते एक रात्र.

अहवालातले मुख्य आकडे तीन. विकलेल्या खोल्यांना उपलब्ध खोल्यांनी भागले की भरणा मिळतो, त्यालाच ऑक्युपन्सी म्हणतात. खोलीभाड्याच्या उत्पन्नाला विकलेल्या खोल्यांनी भागले की सरासरी भाडे, म्हणजे ए.डी.आर. त्याच उत्पन्नाला उपलब्ध खोल्यांनी भागले की दर उपलब्ध खोलीमागचे उत्पन्न, ज्याला व्यवसायात रेव्हपार म्हणतात. पहिल्या दोहोंचा गुणाकार केला की तिसरा येतो. न्यूयॉर्क शहरातल्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने १९२६ साली हॉटेलांसाठी एकसारखी हिशेबपद्धती छापली, आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या आजही मोठी हॉटेले वापरतात. भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. भागाकाराच्या वर काय लिहायचे आणि खाली काय, हे ठरवणे मात्र काउंटरवर वीस वर्षे बसलेल्या मॅनेजरलाही चकवते.

हे नीट दिसते ते महानगरातल्या तारांकित हॉटेलात नव्हे, तर यात्रेच्या गावी. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातले गाणगापूर हे त्याचे चांगले उदाहरण. भीमा-अमरजेचा संगम, निर्गुण मठ, दुपारची माधुकरी, आणि गुरुवार-पौर्णिमेची गर्दी. महाराष्ट्रातून येणारे भाविक सोलापूर-वाडी मार्गावरच्या गाणगापूर रोड स्टेशनावर उतरतात आणि तिथून साधारण वीस किलोमीटर रस्त्याने येतात. बीदर जिल्ह्याच्या सीमाभागातून, औराद, कमलनगर, ठाणाकुशनूरकडून, मंडळी बहुधा क्रूझर करून येतात. सोमवारी ओस पडलेला लॉज गुरुवारी पहाटे जिन्यापर्यंत भरलेला असतो. अशा ठिकाणी सरासरी काढताना केलेली चूक लपत नाही.

समजण्यासाठी वीस खोल्यांचा एक लॉज धरू आणि १ ते ७ डिसेंबर २०२५ हा आठवडा घेऊ. दत्तजयंती त्या वर्षी ४ डिसेंबरला आली आणि वारही गुरुवार होता. खालचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. भाडे कर वगळून आहे आणि तारीख म्हणजे त्या तारखेची रात्र.

सोमवारी ५ खोल्या गेल्या, उत्पन्न ४,००० रुपये. मंगळवारी ८ खोल्या, ६,८०० रुपये. बुधवारी १९ खोल्या, ३४,२०० रुपये. गुरुवारी पुन्हा १९, ३८,००० रुपये. शुक्रवारी १० खोल्या, १०,००० रुपये. शनिवारी १२, १३,२०० रुपये. रविवारी ७, ५,६०० रुपये. आठवड्यात एकूण ८० खोल्या विकल्या गेल्या आणि १,११,८०० रुपये आले. हे आकडे इतके सरळ दिसतात ते रजिस्टरातून निवडून झाल्यावर. निवडण्याचे काम कसे चालते, ते एका ओळीवरून पाहता येते.

ठाणाकुशनूरचे पाच जणांचे एक कुटुंब २ तारखेला रात्री दहा वाजता आले आणि ५ तारखेला सकाळी नऊला गेले. रजिस्टरात त्यांची एकच ओळ आहे आणि जाताना बिल झाले ५,२५० रुपयांचे. त्यांतले २५० रुपये जीएसटीचे, राहिले ५,००० रुपये. ही रक्कम ५ तारखेच्या गल्ल्यात जमा झाली. रोजचे गल्ल्याचे आकडे उचलून कोणी अहवाल केला, तर शुक्रवारचे सरासरी भाडे १,००० ऐवजी १,५०० दिसेल आणि मंगळवारचे ८५० वरून ७३८ वर उतरेल. शुक्रवारी भाव चढला असे मालकाला वाटेल. प्रत्यक्षात शुक्रवारी फक्त बिल फाटले होते. म्हणून त्या एका ओळीच्या तीन ओळी करायच्या: २ तारखेची रात्र ९०० रुपये, ३ तारखेची २,०००, ४ तारखेची २,१००. खोली नंबर तोच, पाहुणा तोच, तारखा तीन. ५ तारीख त्यात येत नाही, कारण त्या रात्री ते कुटुंब लॉजमध्ये नव्हते. जाण्याचा दिवस कधीही मोजायचा नाही हा नियम साधा आहे, पण हाताने मोजताना बोटे २, ३, ४, ५ अशी पडतात आणि एक रात्र वाढते. महिनाअखेरीला आलेल्या पाहुण्याच्या रात्रीही अशाच दोन महिन्यांत वाटाव्या लागतात.

सगळ्या पाहुण्यांच्या ओळी अशा फोडल्या की अहवालाचे निम्मे काम संपते. उरलेले निम्मे म्हणजे रात्र कशाला म्हणायचे हे ठरवणे. इथे आपल्याकडच्या लॉजांची एक खास अडचण आहे. मोठ्या हॉटेलांत दुपारी बारा वाजता खोली सोडायची असते. यात्रेच्या गावच्या कित्येक लॉजांत मात्र चोवीस तासांचा हिशेब चालतो, आलात त्या वेळेपासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत. आता रेल्वेतून उतरलेला एक भाविक गुरुवारी पहाटे चारला आला. ही बुधवारची रात्र की गुरुवारची?

उत्तर घड्याळात शोधू नये, खोलीत शोधावे. ज्या रात्री ती खोली दुसऱ्याला देता येणार नाही, ती रात्र विकली गेली. बारा वाजता खोली सोडण्याचा नियम असेल, तर पहाटे चारला आलेला माणूस गुरुवारी दुपारी निघेल आणि गुरुवारच्या रात्रीसाठी खोली पुन्हा मोकळी होईल. म्हणजे विकली गेली ती बुधवारची रात्र. चोवीस तासांचा नियम असेल, तर तो शुक्रवारी पहाटेपर्यंत खोली अडवून बसेल. म्हणजे विकली गेली गुरुवारची. माणूस तोच, वेळ तीच, आणि नियम बदलला की तारीख बदलते. जिथे दोन्ही नियम चालतात, नेहमीच्या गिऱ्हाइकाला चोवीस तास आणि ऑनलाइन आलेल्याला बारा वाजेपर्यंत, तिथे नोंदीत कोणता नियम लावला हा रकाना हवाच. तो नसेल तर बुधवार-गुरुवारचे आकडे एकमेकांत सांडतात.

हीच कसोटी दिवसापुरत्या खोलीलाही लावता येते. गाणगापूरला सकाळी येऊन, संगमावर स्नान करून, माधुकरी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतणारे पुष्कळ. त्यांना सामान ठेवायला आणि बायकामुलांना कपडे बदलायला चार-सहा तास खोली हवी असते. समजा ४ तारखेला सकाळी रिकाम्या झालेल्या चार खोल्या सहाशे रुपयांनी दुपारपुरत्या दिल्या आणि संध्याकाळी त्याच चार खोल्या रात्रीसाठी पुन्हा गेल्या. रजिस्टरात ओळी वाढल्या. ओळी मोजणाऱ्याला त्या दिवशी २३ खोल्या विकलेल्या दिसतील आणि भरणा ११५ टक्के येईल. सरासरी भाडे २,००० वरून सुमारे १,७५७ वर घसरेल, कारण सहाशेच्या चार खोल्या त्यात मिसळल्या. उलट कोणी ते २,४०० रुपये उत्पन्नात धरले आणि खोल्या मात्र १९च ठेवल्या, तर सरासरी २,१२६ होईल. दोन्हींपैकी एकही आकडा त्या रात्रीचे भाडे सांगत नाही. दुपारच्या त्या खोल्यांनी एकही रात्र अडवली नव्हती, म्हणून त्यांची संख्या आणि रक्कम वेगळ्या रकान्यात ठेवलेली बरी. रक्कम मालकाचीच आहे, ती एकूण जमेत येईलच. सरासरी भाड्यात तिला जागा नाही.

फुकट दिलेली खोली याच्या उलट टोकाची. मालकाचे पाहुणे उतरले, ड्रायव्हरला एक खोली दिली, की ती रात्र अडते पण विकली जात नाही. अशी खोली भरलेल्या खोल्यांत दाखवावी, सरासरी भाड्याच्या भागाकारात घेऊ नये. शून्य रुपयांच्या दोन खोल्या घेतल्या की भाव पडल्यासारखा दिसतो, आणि तो पडलेला नसतो.

आता भागाकाराच्या खालची बाजू. आठवड्यात उपलब्ध खोल्या किती? वीस गुणिले सात, १४०. पण बुधवार-गुरुवारी १९ च का गेल्या, जिन्यावर माणसे बसलेली असताना? कारण १०७ नंबरच्या खोलीची मोरी तुंबली होती आणि ती आठवडाभर बंद होती. मॅनेजरला वाटते ती खोली वजा करावी. मग उपलब्ध खोल्या १३३ होतात आणि भरणा ५७.१ ऐवजी ६०.२ टक्के येतो. हे दिसायला बरे, पण अशा हिशेबात नादुरुस्ती फायद्याची ठरते: खोल्या जितक्या बंद, तितका भरणा चांगला. थोड्या दिवसांसाठी बंद असलेली खोली उपलब्ध खोल्यांतच ठेवण्याची व्यवसायातली रीत याच कारणाने पडली आहे. महिनोन्‌महिने बंद असलेला मजला वगळणे वेगळे. तुंबलेल्या मोरीचा प्लंबर दोन दिवसांत येऊ शकला असता, आणि दत्तजयंतीच्या दोन रात्रींचे त्या खोलीचे चार हजारांच्या घरातले भाडे गेले, हे अहवालाने लपवता कामा नये.

आठवड्याची सरासरी काढताना आणखी एक चूक होते आणि ती संगणकावर जास्त होते, कारण तिथे ती एका सूत्रात करता येते. सात दिवसांची सरासरी भाडी ८००, ८५०, १,८००, २,०००, १,०००, १,१०० आणि ८०० अशी आहेत. त्यांची बेरीज करून साताने भागले तर १,१९३ रुपये येतात. खरे उत्तर आहे १,३९७ रुपये ५० पैसे. दोनशे रुपयांचा हा फरक पडतो, कारण पहिल्या पद्धतीत सोमवारच्या पाच खोल्यांना गुरुवारच्या एकोणीस खोल्यांइतकेच वजन मिळते. गर्दीच्या दिवशी भाव चढत असेल तर ही चूक सरासरीला नेहमी खालीच ओढते. वर्षभर सारखा भाव असलेल्या लॉजात ती दिसणारही नाही, यात्रेच्या गावी मात्र दर पौर्णिमेला दिसते. तक्त्यात B रकाना उपलब्ध खोल्यांचा, C विकलेल्यांचा, D उत्पन्नाचा असेल, तर सूत्रे अशी:

```
=SUM(C2:C8)/SUM(B2:B8)
=SUM(D2:D8)/SUM(C2:C8)
=SUM(D2:D8)/SUM(B2:B8)
```

पहिले सूत्र ५७.१ टक्के देते, दुसरे १,३९७.५० रुपये आणि तिसरे ७९८.५७ रुपये. `AVERAGE` हा शब्द यात कुठेही नाही, तो दिसला की अहवाल पुन्हा तपासावा. महिन्याचा आकडाही आठवड्यांच्या सरासरींतून काढू नये. पुन्हा रोजच्या बेरजांकडे जावे.

या बेरजांत कर शिरला तर सारी मालिका बिघडते. पूर्वी दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तो १२ टक्के लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के झाला. समजा लॉजचे मूळ भाडे या सगळ्या काळात हजारच राहिले. करासकट रक्कम नोंदवणाऱ्याच्या वहीत ते आधी १,०००, मग १,१२०, मग १,०५० असे दिसेल. २०२५ च्या सप्टेंबरअखेर भाडे सहा टक्क्यांहून अधिक उतरले, असा निष्कर्ष त्यातून निघेल, आणि लॉजने तर एक रुपयाही कमी केलेला नसेल. जेवणाचे, जादा गादीचे आणि गाडी भाड्याचे पैसेही त्याच बिलात असतात. जेवण आणि गाडी बाहेर काढावीत. जादा गादी हा खोलीभाड्याचाच भाग धरण्याची पद्धत आहे, फक्त ती दर महिन्याला सारखी धरली पाहिजे. ऑनलाइन आलेल्या पाहुण्याबाबत हाच प्रश्न दलालीचा असतो. पाहुण्याने दोन हजार भरले आणि समजा दलाली वजा होऊन सोळाशे हाती आले, तर भाडे दोन हजार लिहून चारशे खर्चात टाकणे स्वच्छ. नाहीतर ऑनलाइन पाहुणे वाढले की भाव पडला असे वाटू लागते.

अहवाल खरा आहे की नाही, हे ओळखायला रोजची एक बेरीज पुरते. काल रात्री भरलेल्या खोल्यांतून आज रिकाम्या झालेल्या वजा कराव्यात आणि आज भरलेल्या मिळवाव्यात. उत्तर आज रात्रीच्या भरलेल्या खोल्यांशी जुळले पाहिजे. २ तारखेला ८ होत्या, ३ तारखेला ३ रिकाम्या झाल्या आणि १४ नव्या गेल्या, म्हणजे १९. जुळले. न जुळल्यास बहुधा कोणीतरी खोली बदललेली असते. पंखा चालत नाही म्हणून पाहुणा २०३ मधून २०५ मध्ये गेला आणि रजिस्टरात दोन्ही नंबर राहिले.

दुसरी तपासणी कागदाबाहेरची. रात्री अकराला रूमबॉय मजल्यावरून फिरून आतून कडी असलेल्या खोल्या टिपतो, ती चिठ्ठी रजिस्टरशी ताडून पाहायची. रजिस्टर १७ म्हणते आणि चिठ्ठी १९, तर दोन खोल्यांचे पैसे काउंटरच्या खाली गेले आहेत. चिठ्ठीवरही भरवसा नसेल तर धोब्याचे बिल आहे. आठवड्यात ८० रात्री विकल्या, त्यांतले काही पाहुणे दोन-तीन रात्री राहिले, म्हणून धुतलेल्या चादरींच्या जोड्या ८० हून कमी यायला हव्यात. त्या सव्वाशे आल्या तर दुपारच्या खोल्यांचा हिशेब आधी मागावा, मग बाकीचा. रजिस्टर एका माणसाच्या हातात असते. चादरी मात्र तीन माणसांच्या हातांतून जातात.

तपासून झालेला आकडा कशाशी ताडायचा, हा शेवटचा आणि यात्रेच्या गावी सर्वांत नाजूक प्रश्न. मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी ही नेहमीची सवय इथे फसते. २०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला, शनिवारी होती. १ ते ७ डिसेंबर २०२४ चा आठवडा साधाच. त्याच्याशी तुलना केली तर २०२५ चा आठवडा डोळे दिपवील, आणि पुढच्याच आठवड्यात धंदा बसल्यासारखा वाटेल. दोन्ही खोटे. तुलना तिथीशी करावी: पौर्णिमेच्या आधीचे तीन दिवस ते नंतरचे तीन दिवस, म्हणजे २०२४ मध्ये ११ ते १७ डिसेंबर. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने पुढचे सण उशिरा येतात आणि दत्तजयंती २३ डिसेंबरला पडते, तेव्हा आठवडा २० ते २६ डिसेंबरचा घ्यावा. त्यात नाताळही येतो, हे शेऱ्यात लिहून ठेवावे. कलबुर्गी शहरातल्या लॉजांना दुसरेच पंचांग लागते. ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस हिजरी महिन्याने येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, अधिक महिना त्याला सांभाळून घेत नाही. म्हणून रोजच्या नोंदीत तारखेशेजारी तिथी आणि यात्रेचे नाव असे दोन रकाने ठेवले, की तीन वर्षांनी अहवाल आपोआप शहाणा होतो.

तिथीने मांडले की आठवडा दोन तुकड्यांत फुटतो. बुधवार-गुरुवारच्या ३८ रात्रींनी ७२,२०० रुपये दिले, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश उत्पन्न. उरलेल्या पाच दिवसांत १०० पैकी ४२ रात्री गेल्या आणि सरासरी भाडे ९४३ रुपये पडले. आठवड्याचा १,३९७ रुपये ५० पैसे हा आकडा बरोबर आहे, पण त्या भावाने एकही खोली कोणी घेतली नव्हती. भाडे ठरवायला बसलेल्या मालकापुढे म्हणून दोन ओळी ठेवाव्यात, पौर्णिमेची वेगळी आणि साध्या दिवसांची वेगळी.

आणि एक गोष्ट या अहवालात येतच नाही. ४ तारखेला १९ खोल्या भरल्या, म्हणजे मागणी १९ ची होती असे नाही. मागायला चाळीस जण आले असतील, नाहीतर वीस. परत गेलेले पुजाऱ्यांच्या घरी उतरले, धर्मशाळेत गेले, किंवा क्रूझरमध्येच झोपले, आणि रजिस्टरात त्यांचा मागमूस नाही. पौर्णिमेचे भाडे दोन हजारांवरून वाढवावे की नाही, हे त्या परत गेलेल्यांच्या संख्येवर ठरते. त्यासाठी काउंटरवर एक कोरी वही पुरते. ‘खोली आहे का?’ म्हणून आलेल्या प्रत्येकाला नाही म्हटले की त्यात एक रेघ ओढायची, आणि भाडे ऐकून वळलेल्यासाठी फुली.